मेसच्या सरासरीत हरवलेले खाडे

वसतिगृहाच्या फलकावर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मेसची सूचना लागते. मागच्या महिन्याचा एकूण खर्च, सभासदांची संख्या आणि प्रत्येकाने भरायची रक्कम असे तीन आकडे तिच्यात असतात. त्याखाली बहुधा चौथाही आकडा दिलेला असतो : ‘प्रतिमाणशी प्रतिदिन सरासरी खर्च’. विद्यार्थी प्रतिनिधी आणि रेक्टर, म्हणजेच वॉर्डन, यांच्यात पत्रव्यवहार सुरू होतो तो पुष्कळदा याच आकड्यावरून. खर्चाची बेरीज बरोबर असते, भागाकारही चुकलेला नसतो. तरीही आलेली सरासरी ताटातल्या जेवणाची किंमत सांगत नाही, कारण ज्या दिवशी मुलं जेवलीच नाहीत ते दिवसही भाजकात धरलेले असतात.

अशा दिवसाला मेसच्या भाषेत ‘खाडा’ म्हणतात. गावी जायचं असेल, सहल असेल किंवा बाहेर प्रशिक्षण असेल, तर आदल्या दिवशी खाडेवहीत नाव, तारीख आणि खोली क्रमांक लिहून ठेवायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी कणीक किती भिजवायची आणि भात किती टाकायचा हे आचाऱ्याला कळतं. जिथे महिन्याचा खर्च सभासद आपसात वाटून घेतात, तिथे ही वही केवळ स्वयंपाकाच्या अंदाजासाठी नसते. बिलाचा अर्धा हिशेब तिच्यातच असतो. ठेकेदाराची मेस ठरीव दराने चालत असेल, तर खाड्याची सूट करारात लिहिल्याप्रमाणे मिळते. तो प्रश्न वेगळा. पुढचं विवेचन वाटून घेण्याच्या पद्धतीचं आहे.

एका महिन्याचा हिशेब

उदाहरणासाठी मुलींचं एक वसतिगृह आणि सप्टेंबर २०२४ हा महिना घेऊ. त्या वर्षी गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला. मेसच्या सभासद १२०. त्यांपैकी कोकणातल्या ३० मुली गणपतीसाठी १२ दिवस घरी गेल्या. इतर २० जणींनी ६ दिवसांचे खाडे टाकले. शेवटच्या वर्षाच्या १० मुली प्रशिक्षणासाठी १२ दिवस बाहेरगावी होत्या. उरलेल्या ६० जणी महिनाभर मेसमध्येच जेवल्या. आकडे हिशेब समजावा म्हणून सोपे ठेवले आहेत, पण महिन्याची ही ठेवण कोणत्याही वसतिगृहात ओळखीची वाटेल.

आता खर्च. महिन्याचा खर्च म्हणजे महिन्यात केलेली खरेदी नव्हे, हे इथेच लक्षात ठेवावं लागतं. महिन्याच्या सुरुवातीला कोठीत ३८,००० रुपयांचा किराणा शिल्लक होता, महिन्यात १,१०,००० रुपयांचा आणला आणि अखेरीस ५६,००० रुपयांचा उरला. म्हणजे वापरला गेलेला किराणा ९२,००० रुपयांचा. खरेदीचाच आकडा खर्चात धरला असता तर १८,००० रुपये जादा दिसले असते, आणि ऑक्टोबरमध्ये शिजणाऱ्या तूरडाळीचे पैसे सप्टेंबरमध्ये जेवलेल्या मुलींनी भरले असते. भाजी-फळं ४१,०००, दूध-दही २६,००० आणि गॅस २१,००० मिळवले की शिधा आणि इंधन यांचा खर्च १,८०,००० रुपये होतो. आचारी, पोळ्या करणाऱ्या मावशी आणि मदतनीस यांचे पगार ९०,०००. वीज, पाणी, भांडी आणि दुरुस्ती १८,०००. सारं मिळून २,८८,००० रुपये.

फलकावरचा हिशेब असा : २,८८,००० भागिले १२० म्हणजे प्रत्येकी २,४०० रुपये. ते भागिले ३० म्हणजे प्रतिमाणशी प्रतिदिन ८० रुपये. या हिशेबात १२० मुली तीसही दिवस जेवल्या, म्हणजे एकूण ३,६०० ताटं लागली, असं गृहीत धरलं आहे. एका मुलीचं एका दिवसाचं दोन्ही वेळचं जेवण म्हणजे एक ताट, असं इथे मोजलं आहे. खाडेवही वेगळं सांगते. कोकणातल्या मुलींचे ३६० खाडे, वीस जणींचे १२० आणि शेवटच्या वर्षाच्या मुलींचे १२० मिळून ६०० खाडे होतात. प्रत्यक्षात लागलेली ताटं ३,०००. तेवढ्याच खर्चाला ३,००० ने भागलं की दिवसाचा दर ९६ रुपये येतो.

८० हा आकडा खोटा नाही. नोंदणी असलेल्या एका मुलीमागे, ती जेवो वा न जेवो, कॅलेंडरच्या एका दिवसाला किती खर्च आला, या प्रश्नाचं ते बरोबर उत्तर आहे. फक्त मुलींचा प्रश्न तो नसतो. जेवलेल्या एका दिवसाला किती पडले, हे त्यांना हवं असतं. शाळेतल्या पोषण आहाराच्या नोंदी याच कारणासाठी पटावरच्या संख्येवर थांबत नाहीत. प्राथमिक वर्गांना मुलामागे १०० ग्रॅम आणि उच्च प्राथमिक वर्गांना १५० ग्रॅम धान्याचं प्रमाण ठरलेलं आहे, पण ते त्या दिवशी प्रत्यक्ष जेवलेल्या मुलांच्या संख्येने गुणायचं असतं. मेसच्या भाजकातही पट नव्हे, हजेरी लागते.

चूक कुठे कुठे उमटते

पहिला परिणाम बिलावर होतो. सगळ्यांना सरसकट २,४०० रुपये लावले, तर १८ दिवस जेवलेल्या मुलीला जेवलेल्या दिवसामागे १३३ रुपये पडतात, आणि तीस दिवस जेवलेल्या तिच्याच खोलीतल्या मैत्रिणीला ८०.

दुसरा परिणाम वरून न्याय्य दिसतो, म्हणून लवकर ध्यानात येत नाही. तक्रार आल्यावर कार्यालय फलकावरच्याच दराने खाड्याची वजावट देतं : प्रत्येक खाड्याला ८० रुपये परत. ६०० खाड्यांचे ४८,००० रुपये वजा होतात आणि वसुली २,४०,००० वर येते. खर्च मात्र २,८८,००० झालेला आहे. ही ४८,००० रुपयांची तूट पुढच्या महिन्याच्या बिलात ‘मागील येणे’ म्हणून प्रत्येकी ४०० रुपये लावून भरून काढतात, नाहीतर अनामत रकमेतून वळती करतात. कोकणातल्या मुलीला एका हाताने ९६० रुपये परत मिळतात आणि दुसऱ्या हाताने ४०० भरावे लागतात. ही तूट आली कुठून, याचा उलगडा कुणालाच होत नाही आणि संशय मेस सेक्रेटरीवर किंवा आचाऱ्यावर जातो. वास्तविक सगळ्या दिवसांनी भागून काढलेला दर फक्त हजर दिवसांना लावला, एवढंच तिचं कारण असतं.

तिसरा परिणाम महिन्यांच्या तुलनेत दिसतो. याच वसतिगृहात ऑगस्टमध्ये ३१ दिवसांत १२० खाडे पडले होते, ताटं ३,६०० लागली होती आणि खर्च ३,२४,००० रुपये आला होता. त्यातले १,०८,००० पगार, वीज वगैरेंचे आणि २,१६,००० शिधा-इंधनाचे. फलकाच्या पद्धतीने ऑगस्टचा दर ८७ रुपये आणि सप्टेंबरचा ८०. म्हणजे मेस स्वस्त झाली! हजर दिवसांनी भागलं तर ऑगस्ट ९० आणि सप्टेंबर ९६. म्हणजे मेस महागली! फक्त शिधा-इंधन पाहिलं तर ऑगस्टमध्ये २,१६,००० भागिले ३,६०० म्हणजे ६० रुपये आणि सप्टेंबरमध्ये १,८०,००० भागिले ३,००० म्हणजे ६० रुपयेच. स्वयंपाकघरात काहीच बदललेलं नव्हतं. डाळीचं प्रमाण तेच होतं, भाजीचा खर्च त्याच हिशेबात होता. तेवढेच पगार कमी ताटांवर वाटले गेले म्हणून ९० चे ९६ झाले, आणि जेवायला नसलेल्या मुली भाजकात राहिल्या म्हणून ८७ चे ८० झाले.

मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना केल्यानेही ही अडचण सुटत नाही, कारण सण इंग्रजी महिन्याला बांधलेले नसतात. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. सप्टेंबरचे खाडे एखाद्या वर्षी ऑगस्टमध्ये सरकतात आणि त्यांच्याबरोबर फलकावरची सरासरीही हलते.

रेक्टरच्या बाजूचे दोन मुद्दे

पत्र लिहिण्यापूर्वी प्रतिनिधीला दोन आक्षेपांचा विचार करावा लागतो, आणि दोन्ही आक्षेप खरे असतात. पहिला असा : तीस मुली घरी गेल्या म्हणून मावशींचा पगार कापता येत नाही. पोळ्या कमी लाटाव्या लागल्या तरी त्या कामावर येतात. हा स्थिर खर्च सभासदत्वाचा आहे, जेवणाचा नाही. म्हणून ९६ रुपये गुणिले हजर दिवस असं बिल काढणंही पूर्ण न्याय्य ठरत नाही. त्या पद्धतीत महिनाभर राहिलेल्या मुलीला २,८८० रुपये पडतात, म्हणजे गावी गेलेल्या मुलींच्या वाट्याचे पगारही तिच्याच अंगावर येतात.

यावर उपाय म्हणजे बिलाचे दोन भाग करणं. स्थिर खर्च १,०८,००० भागिले १२० म्हणजे प्रत्येकी ९०० रुपये. हे सगळ्यांनी भरायचे. शिधा-इंधनाचे १,८०,००० भागिले ३,००० म्हणजे हजर दिवसाला ६० रुपये. मग तीस दिवस जेवलेल्या मुलीचं बिल ९०० अधिक १,८०० म्हणजे २,७०० रुपये होतं. २४ दिवस जेवलेल्या मुलीचं २,३४० आणि १८ दिवसांचं १,९८०. गॅससारखा खर्च काटेकोरपणे कोणत्याच बाजूला बसत नाही, कारण मोठ्या पातेल्यात आमटी थोडी कमी केली तरी शेगडी जवळपास तेवढाच वेळ पेटती राहते. तो कोणत्या भागात धरायचा हे एकदा ठरवून दरमहा तसंच ठेवावं लागतं.

दुसरा आक्षेप आयत्या वेळच्या खाड्यांचा. वहीत न लिहिता मुलगी दुपारच्या बसने निघून गेली, तर तिच्या वाटणीची कणीक भिजलेली असते. तिचा तो दिवस हजर धरणंच रास्त. या उदाहरणातले ६०० खाडे वेळेत नोंदलेले आहेत. त्यांपैकी ९० आयत्या वेळचे असते, तर ग्राह्य खाडे ५१० आणि बिलाचे दिवस ३,०९० झाले असते. अशा वेळी भाजकही ३,०९० च घ्यावा लागतो आणि शिध्याचा दर ५८ रुपये २५ पैसे येतो. दर ३,००० ने भागून काढला आणि बिलं मात्र ३,०९० दिवसांची केली, तर मेसकडे ५,४०० रुपये जादा जमा होतात. ज्या दिवसांनी भागायचं, त्याच दिवसांची वसुली करायची, हा नियम दोन्ही बाजूंना सारखाच लागू पडतो.

पत्राचा नमुना

हे सगळं पत्रात जसंच्या तसं उतरवलं तर ते वाचलं जात नाही. पत्रात एक आकडा, त्याचं कारण आणि एक मागणी पुरते. खाडेवहीचा गोषवारा सोबत जोडायचा.

प्रति,
मा. रेक्टर,
मुलींचे वसतिगृह

दिनांक : ४ ऑक्टोबर २०२४

विषय : सप्टेंबर महिन्याच्या मेस बिलातील प्रतिदिन सरासरी खर्चाबाबत.

संदर्भ : दि. १ ऑक्टोबर रोजी फलकावर लावलेली मेसची सूचना.

महोदया,

वरील सूचनेत प्रतिमाणशी प्रतिदिन सरासरी खर्च ८० रुपये दाखवला असून प्रत्येकीस २,४०० रुपये बिल आकारले आहे. एकूण खर्च २,८८,००० रुपये याबद्दल आमची हरकत नाही. पावत्या व कोठीतील शिल्लक मेस समितीने तपासली आहे.

मात्र ही सरासरी काढताना १२० सभासदांचे सर्व ३० दिवस धरले आहेत. खाडेवहीनुसार या महिन्यात ६०० खाडे वेळेत नोंदवलेले आहेत. त्यामुळे प्रत्यक्ष जेवणाचे दिवस ३,६०० नसून ३,००० आहेत आणि एकूण खर्चाचा दर हजर दिवसामागे ९६ रुपये येतो. सध्याच्या आकारणीत १८ दिवस जेवलेल्या व ३० दिवस जेवलेल्या विद्यार्थिनींना सारखेच बिल आले आहे.

सरसकट ८० रुपये दराने खाड्यांची वजावट दिल्यास ४८,००० रुपयांची तूट येईल, म्हणून आमची तशी मागणी नाही. पगार, वीज व देखभाल यांचा खर्च (१,०८,००० रुपये) सर्व सभासदांत समान वाटावा आणि शिधा व इंधनाचा खर्च (१,८०,००० रुपये) हजर दिवसांप्रमाणे आकारावा, ही विनंती. त्यानुसार प्रत्येकीस ९०० रुपये अधिक हजर दिवसास ६० रुपये असे बिल होईल. यामुळे महिनाभर हजर असलेल्या ६० विद्यार्थिनींचे बिल ३०० रुपयांनी वाढते. ही बाब सर्वसाधारण बैठकीत सांगूनच हे पत्र देत आहोत.

सुधारित बिले काढावीत व पुढील महिन्यापासून सूचनेत हजर दिवसांची एकूण संख्याही द्यावी, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
विद्यार्थिनी प्रतिनिधी

सोबत : सप्टेंबरच्या खाडेवहीचा गोषवारा.

पत्रातल्या दोन गोष्टी मुद्दाम पाहण्यासारख्या आहेत. खर्चाच्या आकड्यावर हरकत नाही, हे पहिल्याच परिच्छेदात सांगितलं आहे. त्यामुळे वाद अफरातफरीचा नसून वाटणीचा आहे हे रेक्टरला लगेच कळतं, आणि पावत्यांच्या फायली मागवण्यात पंधरवडा जात नाही. दुसरी गोष्ट म्हणजे साठ जणींचं बिल वाढणार, ही कबुली. सरासरी बदलली तरी एकूण खर्च तेवढाच राहतो. एकीचं बिल ४२० रुपयांनी उतरलं की ते पैसे दुसऱ्या कुणाच्या तरी बिलात चढतातच. प्रतिनिधी दोघींचीही असते. हे आधी न सांगता पत्र दिलं, तर सुधारित बिलं लागल्यावर दुसरं पत्र तिच्याच विरोधात येऊ शकतं.

ही मागणी केव्हा करू नये, हेही हिशेबातूनच कळतं. महिन्यात फक्त ३६ खाडे पडले असते, तर हजर दिवस ३,५६४ राहिले असते आणि त्याच खर्चाचा दर ८० ऐवजी ८० रुपये ८१ पैसे आला असता. एवढ्या फरकासाठी १२० बिलं पुन्हा काढण्यात अर्थ नाही. गणपती, दिवाळी, परीक्षेनंतरचे दिवस किंवा मोठी सहल अशा महिन्यांत मात्र खाडे एकूण दिवसांच्या सहाव्या भागापर्यंत जातात आणि फरक शेकड्यांत येतो. पाहुण्यांची जेवणंही विसरून चालत नाही. पाहुण्यांकडून घेतलेले कूपनचे पैसे खर्चातून वजा करायचे, आणि मग त्यांची ताटं भाजकात धरायची नाहीत. पैसे वजा करून ताटंही मोजली, तर दर खोटाच खाली येतो.

सुधारित यादी बरोबर आहे की नाही, हे तपासायला रेक्टरला किंवा प्रतिनिधीला सूत्र आठवावं लागत नाही. साठ जणींचे २,७०० प्रमाणे १,६२,००० रुपये, वीस जणींचे २,३४० प्रमाणे ४६,८०० आणि चाळीस जणींचे १,९८० प्रमाणे ७९,२०० रुपये होतात. तिन्हींची बेरीज २,८८,००० येते, म्हणजे झालेला खर्च नेमका वसूल होतो, शिल्लक उरत नाही आणि तूटही पडत नाही. बेरीज याहून कमी किंवा जास्त आली, तर भागाकारातले दिवस आणि बिलातले दिवस कुठेतरी वेगळे झाले आहेत असं समजून खाडेवही पुन्हा पहिल्या पानापासून मोजावी लागते.